मंगळवारी फोन का उचलत नाही ते

प्रिय आई, बाबा,

मंगळवारी झोपायच्या आधी तुम्ही फोन करता आणि मी उचलत नाही, मग आई रात्रभर काळजी करत बसते असं बाबांनी सांगितलं, म्हणून सगळं नीट लिहितेय. मंगळवारी मी टेबल टेनिसला असते.

बर्लिनला आल्या आल्या मी आधी लायब्ररी गाठली. नुसता पासपोर्ट चालला नाही, त्यावर इथला पत्ता नसतो ना, म्हणून पत्ता नोंदवल्याचा कागद घेऊन परत जावं लागलं. वर्षाचे फक्त 10 युरो आणि तेच कार्ड शहरातल्या सगळ्या सार्वजनिक लायब्रऱ्यांत चालतं. मी जाते ती 1954 साली अमेरिकेने दिलेल्या पैशांतून बांधलेली आहे. तिथे खूप बरं वाटतं, पण महिनाभर जाऊनही कुणाशी ओळख झाली नाही, सगळे आपापलं वाचत बसतात.

मग क्लब शोधला. जुलैत गेले तर हॉलला कुलूप, मेलला उत्तर नाही, वाटलं बंदच पडला असणार. नंतर कळलं की हे क्लब शाळांच्या जिममध्ये खेळतात आणि उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत ती जिमच बंद असते, शिवाय मेल बघणारी माणसं नोकरी सांभाळून हे फुकट करतात. शाळा सुरू झाल्यावर परत गेले. पहिले तीन मंगळवार पैसे न भरता खेळू दिलं, फक्त फरशीवर डाग न पाडणारे बूट हवेत म्हणाले. मग फॉर्म भरला, फी बँकेतून आपोआप जाते. सोडायचं असेल तर आधी लेखी कळवावं लागतं आणि तेही वर्षअखेरीलाच सोडता येतं, ते मी सही करायच्या आधी वाचून घेतलं.

सुरुवातीला मी बरोब्बर सातला पोचायचे, खेळायचे, निघायचे, कुणी फारसं बोलायचं नाही. मग एकदा पंधरा मिनिटं लवकर गेले तर चार-पाच जण टेबलं उघडून जाळ्या बांधत होते, मीही हात लावला आणि तिथेच गप्पा सुरू झाल्या. आता दर मंगळवारी तशीच जाते, आणि शेवटी टेबलं मिटायलाही थांबते. इथे ऑफिसात मोठ्यांना अहो-जाहो करावं लागतं पण क्लबात सत्तरीच्या आजोबांनाही 'तू' म्हणायचं, मला अजून जड जातं. ते आजोबा माझी बॅकहँड बघून म्हणाले, कुणी शिकवली? मी म्हटलं बाबांनी, कंपनीच्या क्लबात. बाबा, त्यांना तुमचा फोटो बघायचाय, तो कप हातात असलेला पाठवा ना.

आई, गाण्याचं मात्र अजून जमलं नाही. सरकारी म्युझिक स्कूलमध्ये मोठ्यांसाठी वेटिंग लिस्ट आहे, नाव देऊन ठेवलंय. तोवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रविवारी सकाळी बसते.

आता फोन बुधवारी करा, मी वाट बघेन.

तुमची,
मनू