कोरडगावाऐवजी

पुणे, रविवार

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची पहिली आठ प्रकरणे परवा रात्री वाचून संपवली. मेंढरे घेऊन बाप निघून जातो आणि थोरली मुलगी रिकाम्या वाड्याचे कवाड ओढून घेते, ते पान मी दोनदा वाचले. कादंबरीविषयी सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. या पत्रात मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे, ती म्हणजे तुझ्या गावाचे नाव. तू ते ‘कोरडगाव’ ठेवले आहेस आणि ते बदलावे असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण साधी आहे. कोरडगाव नावाचे गाव खरोखरच आहे. ते नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात आहे. तुझी कथा घडते साताऱ्याच्या माण तालुक्यात, आणि तिच्यात सरपंच चारा छावणीचे पैसे खातो. पाथर्डीकडच्या वाचकाने हे वाचले, तर त्याला ते आपल्याच गावाविषयी लिहिले आहे असे वाटेल. ही भीती मी उगाच घालत नाही. बारा वर्षांपूर्वी एका कथेत मी एका वाडीला मनाने नाव दिले होते आणि त्या वाडीतल्या सावकाराला फार काळा रंगवला होता. कथा छापून आल्यावर दीड महिन्याने मला एक पोस्टकार्ड आले. त्या नावाची वाडी खरोखर होती, पत्र लिहिणारे गृहस्थ तिथले निवृत्त शिक्षक होते, आणि ‘आमच्यात असा माणूस कधी झाला नाही’ एवढेच त्यांनी लिहिले होते. मी उत्तर लिहून क्षमा मागितली, पण छापलेले नाव परत घेता येत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पाथर्डीच्या कोरडगावाला ते नाव केव्हा आणि कशावरून पडले असेल ते असो; तुझ्या कादंबरीतले कोरडगाव मात्र दुष्काळाची कादंबरी आहे म्हणून कोरडगाव झाले आहे, आणि हे पहिल्याच ओळीत कळते. गावाची नावे गावातल्या आणि शेजारच्या माणसांनी ठेवलेली असतात, आणि कित्येक पिढ्यांच्या तोंडात ती झिजलेली असतात. माणमधलीच नावे घे. बिदाल, राणंद, विरळी, पर्यंती, इंजबाव, कुळकजाई. यांतल्या एकाचाही अर्थ तिथला माणूस चटकन सांगू शकणार नाही, आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही. ज्यांचा अर्थ लागतो त्या पळशी आणि पांगरीही तिथल्या झाडांची नावे धरून आहेत, तिथल्या लोकांच्या नशिबाची नाही. वाचकाला अर्थ लागू नये असे मी म्हणत नाही. अर्थ लागला तर तो पुष्कळ उशिरा लागावा, आणि त्याचा कादंबरीच्या आशयाशी थेट संबंध नसावा.

आता नाव घडवायचे कसे, ते मी करून पाहिले तसेच सांगतो. मी सुरुवात नावाच्या शेवटाकडून केली, कारण मुलूख ओळखू येतो तो शेवटावरून. कणकवली, दापोली, डोंबिवली म्हटले की आपण कोकणपट्टीत असतो; पाडा म्हटले की ठाणे-पालघरचा किंवा खानदेशचा आदिवासी भाग डोळ्यांपुढे येतो, आणि तांडा म्हटले की मराठवाड्या-विदर्भातली बंजारा वस्ती. माणमध्ये नजर टाकलीस तर दहिवडी, मलवडी, बिजवडी, शेनवडी अशी ‘वडी’ची रांगच दिसते, आणि तिच्या जोडीला लोधवडे. ही ‘वडी’ म्हणजे ‘वाडी’ नव्हे, ही गोष्ट बाहेरून लिहिणाऱ्याच्या हातून हमखास निसटते. वाडी बहुधा मूळ गावापासून सुटलेली वस्ती असते आणि तिच्यात राहणाऱ्या भावकीचे आडनाव तिला उघडपणे चिकटलेले असते. ‘वडी’ आणि ‘वडे’ ही मात्र जुनी, स्वतंत्र गावे असतात, आणि त्यांच्या नावाचा पहिला भाग अर्थ हरवण्याइतका गुळगुळीत झालेला असतो. तुझ्या गावाला वेस आहे, चावडी आहे, पाटलाचा पडका वाडा आहे. त्याला ‘वडी’ किंवा ‘वडे’ शोभेल. वाड्या त्याच्या आजूबाजूला असतील.

पहिल्या भागासाठी मी झाडाकडे गेलो, आणि तिथे उगवते तेच झाड घ्यायचे असे ठरवले. फणस आणि कोकम तिथे चालणार नाहीत. बाभूळ, बोर, हिवर, हिंगण, तरवड, सौंदड चालतील. माळावर पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड मला फार आवडतो, म्हणून आधी तरवड आणि वडी जोडले. ‘वड’ दोनदा येतो, बोलताना एक गळतो आणि ‘तरवडी’ हाती येते. मला वाटले, काम झाले. मग आठवले की नेवासा तालुक्यात तरवडी आहे, आणि साधीसुधी नाही. मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवले ते तिथून. सत्यशोधक चळवळ ज्याला ठाऊक आहे, तो वाचक तुझ्या पहिल्या पानावर त्या इतिहासात शिरेल आणि तुझी मेंढरे बाजूला राहतील. हिवराचे ‘हिरवडे’ करून पाहिले, तर त्या नावाची गावे करवीर तालुक्यात निघाली, एक हिरवडे खालसा आणि एक हिरवडे दुमाला. शिवाय ते ऐकताच ‘हिरवे’ मनात येते, म्हणजे कोरडगावाचीच चूक उलट्या बाजूने.

शेवटी सौंदडाशी थांबलो. सौंदड म्हणजे आपली शमी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून गाव जिची पूजा करायला जाते ते झाड. सौंदड आणि वडे मिळून ‘सौंदडवडे’. हा शब्द मोठ्याने चार वेळा म्हणून पाहा. दोन ‘ड’ इतके जवळ आले आहेत की जीभ पहिला सोडून देते, आणि ‘सौंदवडे’ उरते. झीज अशी उच्चाराच्या सोयीने झाली पाहिजे. आपण मधलेच एखादे अक्षर काढून टाकले, तर नाव झिजलेले वाटत नाही, मोडलेले वाटते.

यानंतरची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठी कादंबरीत गावाचे नाव मूळ रूपात फार थोड्या वेळा येते. ते येते ‘ला’, ‘त’, ‘हून’, ‘चा’ लागून. तुझ्या आठ प्रकरणांत मी पेन्सिलने खुणा केल्या. कोरडगाव एकसष्ट वेळा आले आहे आणि त्यांतले नऊच उल्लेख विभक्तीवाचून आहेत. म्हणून नाव आधी सामान्यरूपात म्हणून पाहावे. दहिवडीसारखे ईकारान्त नाव जसेच्या तसे राहते: दहिवडीला, दहिवडीत. एकारान्त नाव मात्र वळते. गोंदवले, गोंदवल्याला, लोधवडे, लोधवड्यात, त्याचप्रमाणे सौंदवडे, सौंदवड्याला, सौंदवड्याहून. हे वळणे कानाला घरचे वाटते.

एकारान्त नावाचा आणखी एक लाभ तुझ्या कादंबरीला होईल. मागे दहिवडीहून येताना मी एसटीत पुढच्या बाकावर बसलो होतो. पाटीवर आणि तिकिटावर गोंदवले होते, पण कंडक्टरने दोरी ओढत हाक दिली ती ‘गोंदवलं, गोंदवलं’ अशी. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी दारापर्यंत आली आणि तिनेही खात्री करून घेतली, ‘गोंदवलं न्हवं का?’ लेखी ‘ए’ आणि बोली ‘अं’ हा भेद त्या मुलखात प्रत्येकाच्या कानात आहे. तुझा निवेदक प्रमाण मराठीत लिहितो आणि पात्रे माणदेशी बोलतात. निवेदकाने ‘सौंदवडे’ म्हणावे, सातबाऱ्यावर ‘मौजे सौंदवडे’ असावे, आणि मुलीच्या तोंडी ‘सौंदवडं’ यावे. एकाच गावाकडे बघणाऱ्या दोन जगांतले अंतर वाचकाला त्या एका अनुस्वारातून ऐकू येईल. कोरडगाव हे काम करू शकत नाही. ते कागदावर आणि तोंडात सारखेच राहते.

नाव आधीच कुणाचे आहे का, हे पाहायला महाभूलेखच्या संकेतस्थळाचा उपयोग होतो. जिल्हा आणि तालुका निवडला की गावांची यादी उघडते. मी माण, खटाव, फलटण, माळशिरस, सांगोला आणि आटपाडी हे तालुके पाहिले. सौंदवडे सापडले नाही. परंतु या यादीवर पूर्ण विसंबू नकोस. तिच्यात महसुली गावे असतात. वाड्या-वस्त्या मूळ गावाच्या पोटात दडलेल्या राहतात, आणि मी फसलो तो अशाच वाडीपायी. दहिवडीच्या स्थानकावर एखाद्या जुन्या एसटी चालकाला आणि म्हसवडच्या बाजारात एखाद्या मेंढपाळाला हे नाव विचारून ये. कधी ऐकले नाही असे ते म्हणाले तर उत्तम. ‘असेल की कुठंतरी इकडंच’ असे म्हणाले तर त्याहून उत्तम.

दहिवडी आणि म्हसवड मात्र खरीच ठेव. तहसील, बाजार, सिद्धनाथाची यात्रा यांना खोटी नावे दिलीस तर सगळा मुलूखच अधांतरी होईल. खऱ्या गावांच्या मध्ये एकच कल्पित गाव बसवायचे, आणि दोन खऱ्या ठिकाणांपासूनचे अंतर एकदम सांगायचे नाही. सहाव्या प्रकरणात तू दहिवडीपासून अकरा आणि म्हसवडपासून सतरा किलोमीटर असे लिहिले आहेस. नकाशा घेऊन बसणारा वाचक नेमक्या एका खऱ्या गावावर बोट ठेवील. त्यांतले एक अंतर काढून टाक.

राहिल्या वाड्या. तू तीन दाखवल्या आहेस आणि तिन्हींची नावे निसर्गावरून ठेवली आहेस. त्यांतल्या निदान दोन आडनावांवरून ठेव. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तू नुसते ‘पलीकडची आळी’ म्हटले आहेस, ते मला खटकले. तुझी कथा २०१२-१३च्या दुष्काळातली आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणजे तुझ्या काळात ते जुने नाव कागदोपत्रीही चालू असणार. ते निवेदकाने वापरावे असे मी म्हणणार नाही, पण ग्रामसभेच्या प्रसंगात सरपंचाच्या तोंडी ते आले पाहिजे, आणि तिथल्या तरुणाने ते ऐकून मान वर केली पाहिजे. तो तरुण आपल्या वस्तीला स्वतः काय म्हणतो, हे तू अजून ठरवलेले नाहीस. ते ठरव आणि मला कळव.

तिसरे प्रकरण नवे नाव घालून एकदा मोठ्याने वाचून पाहा. मुलगी एसटीतून उतरते तिथपासून वाच, कारण तिथे दीड पानात नाव सहा वेळा येते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता