बी विंगची गच्ची शनिवारपासून मंगळवारपर्यंत बंद

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी व रविवारी सकाळी ७ ते ११ गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप लावला जाईल. चौथ्या मजल्यावर रात्री बारालाही छत गरम लागतं, कारण स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खाली सोडतो. आतून थर्माकोलचं सीलिंग केलं तरी स्लॅब तापतोच, म्हणून बाहेरून उपाय करत आहोत.

– भेगा भरून झाल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुंड्या, दोऱ्या आणि वाळवणं उचलावीत.
– शुक्रवारी रात्री प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून गच्चीवर ठेवू. सकाळी त्याच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर काम पुढे ढकलू. ओल्या स्लॅबवर लेप फुगतो आणि पापुद्रे सुटतात. तो तुकडा कृपया कोणी उचलू नये.
– शनिवारी प्राइमर व पहिला हात, रविवारी दुसरा. मंगळवार रात्रीपर्यंत वर जाऊ नये.

धूळ बसली की लेपाचा गुण कमी होतो, त्यामुळे दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागेल. चौथ्या मजल्यावरच्यांनी बाहेरची हवा गार झाल्यावर व्हेंटिलेटर उघडे ठेवावेत. भर दुपारी ते बंदच बरे.

– सचिव