गच्चीवरच्या वांग्यांबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

दिवाळीशिवाय बेळगावला येणं जमत नाही, म्हणून फोटो बघून इथूनच दोन गोष्टी ठरवल्यात. बाबांनी रागावू नये. पहिली म्हणजे फवारणी बंद. बाबांचा खोकला आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. अळी शेंड्याच्या आणि फळाच्या आत बसते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी, टाकीच्या नळाला पाइप जोडायला प्लंबरला सांगितलंय. बादल्या घेऊन जिना चढणं आता नको. कष्ट वाया गेले असं मनात आणू नका, झाडं तुम्ही छानच वाढवलीत.

आई, फुलं गळतात म्हणून तू हळहळतेस, पण सगळीच गळ काही रोगाची नसते. पडलेलं फूल उचलून आत बघ. पिवळ्या पुंकेसरांच्या मधून हिरवा दांडा वर डोकावत असेल, तर ते फूल फळ धरू शकलं असतं. दांडा आखूड, आतच दडलेला असेल तर ते गळणारच होतं. वांग्याला अशी आखूड दांड्याची फुलं येतातच, त्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. लांब दांड्याची गळत असतील तर आधी पाणी बघ. एक दिवस झाडाची पिशवी कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की झाड फुलं सोडतं. सकाळी मातीत दोन पेरं बोट घाल, कोरडं लागलं तरच पाणी दे. पिशव्या विटांवर ठेव, स्लॅब तापला की मुळं भाजतात. मग सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलाच्या देठावर हलकी टिचकी मार, पराग खाली झडतो. आणि पेंड जरा कमी कर गं. पानं हिरवीगार आणि फळ नाही, हे जास्त नत्राचं लक्षण.

आता अळी. फोटोत तीन झाडांचे शेंडे मान टाकलेले दिसतात, बाकीचं झाड मात्र टवटवीत आहे. हे पाण्याचं नाही. तो शेंडा उभा चिरलात तर आत पोकळ बोगदा आणि गुलाबीसर अळी सापडेल. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली, निरोगी हिरव्या भागात कात्री लावा. कापल्या जागी छिद्र दिसलं तर आणखी खाली कापा. हे दर आठवड्याला करायचं, कारण अळीची कोष होऊन पतंग बाहेर पडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पंधरवडा गेला की पुढची पिढी अंडी घालून मोकळी.

फळांत फसगत होते. मोठं उघडं भोक दिसलं म्हणजे अळी बाहेर पडून गेलेली असते. ती आत असते तेव्हा फक्त बारीक, विष्ठेने बुजलेला ठिपका दिसतो. तेच वांगं आधी तोडायचं. बाबा, "तेवढा भाग कापून भाजी करू" म्हणू नका हं! कापलेले शेंडे, फळं सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. आईच्या खताच्या पिंपात अजिबात नको. अळी तिथेच कोष करील.

झाडांच्या पिशव्यांतला वाळका पालाही काढून टाका. आच्छादन चांगलंच, पण अळी कोष पालापाचोळ्यात करते. त्या पिशव्यांच्या दुमडीत राखाडी, चिवट कोष चिकटलेले सापडतील. ते ठेचून टाका.

कामगंध सापळा उद्या-परवा येईल. पाकिटावर ल्युसिल्युअर किंवा ल्युसिनोडस लिहिलेलं बघा. टोमॅटोच्या अळीचं आमिष इथे चालत नाही, ते दुसऱ्या पतंगाचं. आमिषाची गोळी तंबाखूच्या हाताने धरू नका, बाबा. सापळा झाडाच्या शेंड्याच्या थोडा वर टांगा, खालच्या भांड्यात पाणी आणि साबणाचे चार थेंब. आमिष महिन्याने बदलायचं, जास्तीची पाकिटं बंद डब्यात फ्रीजरमध्ये. त्यात फक्त नर सापडतात. शेजारच्या गच्चीवर गाभण झालेली मादी आली तर ती अंडी घालणारच. म्हणून सापळ्याच्या भरवशावर शेंडे कापणं सोडू नका.

ती दोन जुनी, लाकडी झालेली झाडं मुळासकट काढा. बाकीची वीतभर ते हातभर उंचीवर छाटायची, पण सापळा लागल्यानंतरच. छाटणीनंतर फुटणारे कोवळे शेंडे अळीला सगळ्यात आवडतात. चंपाषष्ठीला घरची वांगी हवीत तर ही सगळी झाडं एकदम छाटू नका, निम्मी आधी, निम्मी नंतर.

जिन्यावर दिवा लावल्याशिवाय रात्री वर जाऊ नका. सापळ्यातल्या पाण्याचा फोटो रविवारी पाठवा. पांढऱ्या पंखांवर तपकिरी डाग असलेले पतंग किती पडलेत ते मोजून लिहा, मग पुढचं सांगते.

तुमची,
लेक