तक्रारीनंतरची वैद्यकीय तपासणी : पीडितेला काय माहीत असावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत ‘पीडितेची वैद्यकीय तपासणी करण्यात आली’ एवढे एकच वाक्य येते. त्या खोलीत नेमके काय होते हे कोणी सांगत नाही आणि त्या अज्ञाताच्या धास्तीनेच अनेकजणी रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. अनेक वर्षे अशा तपासण्या केलेली एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

समजा, एखाद्या सज्ञान स्त्रीवर शनिवारी रात्री अकराला अत्याचार झाला आणि ती मंगळवारी दुपारी दोनला रुग्णालयात आली. मधल्या काळात तिने दोनदा आंघोळ केली आहे आणि पोलिसांत ती अजून गेलेली नाही. ‘आधी गुन्हा नोंदवून या’ असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने व विनामूल्य उपचार करायचे असतात; टाळाटाळ हा शिक्षापात्र गुन्हा आहे. पोलिसांना कळवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, मात्र जबाब द्यायचा की नाही हे ती ठरवू शकते आणि तिच्या नकाराची तशी लेखी नोंद होते. तिने तक्रार द्यायचे ठरवले, तर घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला ती नोंदवून घ्यावी लागते. तिचा जबाब महिला अधिकारी घेते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत तिला तपासणीसाठी पाठवायचे असते.

मंगळवारी दुपारपर्यंत ६३ तास उलटले आहेत. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस चालतात, म्हणून आमच्या दृष्टीने पहिले काम ते. गर्भधारणा रोखणारी गोळीही त्याच वेळी दिली जाते. ती जितकी लवकर घेतली जाईल तितकी अधिक उपयोगी. योनीमार्गातून स्वॅब साधारण ९६ तासांपर्यंत घेतात, म्हणजे तिच्या हाती अजून दीड दिवसाहून थोडा कमी वेळ आहे. आंघोळीने काही पुरावा जातो, सगळा नव्हे, आणि त्या रात्रीचे न धुतलेले कपडे घरी असतील तर ते बहुतेक वेळा स्वॅबपेक्षा अधिक सांगतात. ते कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना खराब होतो.

तपासणीआधी डॉक्टरांनी उपचार, शारीरिक तपासणी आणि पुराव्यासाठी नमुने या तिन्हींची संमती वेगवेगळी विचारायची असते. ती उपचार घेऊन नमुने नाकारू शकते, किंवा तपासणी मध्येच थांबवायला सांगू शकते. नकार दिला म्हणून उपचार बंद होत नाहीत. खोलीत पोलीस नसतात. डॉक्टर पुरुष असतील तर स्त्री परिचारिका किंवा मदतनीस हजर असावीच लागते. आधी घटनेची हकीकत विचारतात, मग डोक्यापासून पायांपर्यंत जखमांची नोंद होते, आणि स्वॅब, रक्त, लघवी व नखांखालचे नमुने गरजेप्रमाणे घेऊन ते तिच्यासमोर सीलबंद केले जातात.

योनीमार्गात दोन बोटे घालून स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे पाहणारी, जिला ‘टू फिंगर टेस्ट’ म्हणतात ती चाचणी करायचीच नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पीडितेच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर आघात करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी मानले जाईल असे स्पष्ट केले. तरीही अहवालात ‘लैंगिक संबंधांची सवय’ असा शेरा दिसला, तर वकिलामार्फत त्यावर हरकत घ्यावी.

सर्वाधिक गैरसमज ‘जखम आढळली नाही’ या ओळीवरून होतो. भीतीने शरीर गोठते, नशा दिलेली असते, धमकी पुरेशी असते, किंवा ६३ तासांत लहान ओरखडे भरून येतात. ‘अत्याचार झालाच नाही’ असा त्या ओळीचा अर्थ कोणताही जाणकार डॉक्टर लावत नाही, आणि बलात्कार झाला की नाही हे ठरवणे डॉक्टरांचे काम नव्हे, ते न्यायालयाचे आहे. अहवालात तपासणी सुरू झाल्याची व संपल्याची वेळ आणि तिची संमती नोंदलेली असावी लागते आणि तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जातो. त्याची प्रत तिला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब होतो, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर. तेव्हाही पोलीस बाहेर असतात. हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, हे त्रासाचे आहे. तारीख किंवा वेळ नीट आठवत नसेल तर अंदाजाने भरून न काढता ‘आठवत नाही’ असेच सांगावे, कारण नंतर उलटतपासणीत दोन जबाबांतली तफावतच पुढे केली जाते.

आपली,
एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ