कुर्तीचा हिशोब

सोलापूर

प्रिय वैशाली,

तुझं पत्र आणि सोबतचा हिशोबाचा कागद मिळाला. बार्शीत दुकान लागलं, पाटी चढली, झकास झालं. पण ती अस्तराची कॉटन कुर्ती तू नऊशेला लावलीस, त्यावर मला चार शब्द लिहायचेच आहेत. तुझी बेरीज चोख आहे गं. कागदावर जे आलंच नाही, त्याचं मी बोलतेय.

तू कापड सव्वादोन मीटर धरलंस, एकशेसाठच्या भावाने तीनशेसाठ. अस्तर शंभर, बटणं-लेस पन्नास, शिलाई दोनशेचाळीस. झाले साडेसातशे, त्यावर वीस टक्के चढवून नऊशे.

आता कापडापासून बघ. सव्वादोन मीटर हे कुर्तीत बसलेलं कापड आहे, तू विकत घेतलेलं नव्हे. चाटी गल्लीतून आणलेलं कॉटन एक मीटर मोजून, रात्रभर भिजवून, वाळवून पुन्हा मोज. पंच्याण्णव सेंटीमीटर भरलं तर सव्वादोनला सुमारे दोन मीटर सदतीस सेंटीमीटर घ्यावं लागेल. शिवाय टोक तिरकं कापलेलं असतं, ते सरळ करण्यात काही बोटं जातात. आणि तुझ्या कापडावर बुट्टे सगळे एकाच दिशेने आहेत ना? मग पाठ उलटी फिरवून उरलेल्या जागेत बसवता येत नाही. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात अडीच मीटर धर, चारशे रुपये. उरलेल्या कात्रणाच्या पिशव्या होतील म्हणून ते वजा करू नकोस. पिशवी विकली गेली की तेव्हा बघू.

बटणं-लेसच्या पन्नासात गळ्याचा कॅनव्हास, दोरा, लेबल आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पिशवी नाही. सत्तर धर.

मजुरीचे दोनशेचाळीस मला पटले. कटिंगला अर्धा तास, मशीनवर दोन तास, काज-बटण, तुरपाई आणि इस्त्रीला अर्धा. तीन तास, तासाला ऐंशी. कटिंग तू स्वतः करतेस म्हणून ते फुकट धरलं नाहीस, हे फार बरं केलंस. उद्या कारागीर ठेवलास तर तो काही फुकट कापणार नाही.

खरा घोळ दुकानाच्या खर्चात आहे. भाडं सहा हजार, लाइट बिल दीड हजार, सुया-तेल-मशीन दुरुस्ती-फोन मिळून दीड. महिन्याला नऊ हजार. हे कुर्तीच्या किमतीत कुठेच नाहीत! लोक हा आकडा नगांवर वाटतात. मी तासांवर वाटते, कारण साधा परकर आणि पायपिंगचा ब्लाउज दुकानाची जागा सारखाच वेळ अडवत नाहीत. दुकान दहा तास उघडं असलं तरी मापं, गप्पा, वीज जाणं वगळता कामाचे सहाच तास धर. पंचवीस दिवसांचे दीडशे तास, म्हणजे तासाला साठ रुपये. कुर्तीचे तीन तास, एकशेऐंशी.

आता बेरीज कर: चारशे, शंभर, सत्तर, दोनशेचाळीस, एकशेऐंशी. नऊशेनव्वद. नऊशेला विकलेल्या प्रत्येक कुर्तीमागे तू पदरचे नव्वद घालतेयस, आणि गल्ल्यात पैसे दिसतात म्हणून ते कळत नाही. महिनाअखेर भाडं देताना मजुरीतलेच पैसे काढावे लागले, तर समज हेच चाललंय.

नफा विक्रीच्या किमतीवर वीस टक्के धर. नऊशेनव्वदला शून्य पूर्णांक आठने भाग, साडेबाराशेच्या जरा खाली, सुमारे बाराशेचाळीस होतात. नुसते वीस टक्के चढवलेस तर अकराशेअठ्ठ्याऐंशी. फरक बावन्न रुपयांचा, पण दिवाळीत दहा टक्के सूट दिलीस की पहिल्या किमतीत एकशेसव्वीस उरतात आणि दुसऱ्यात एकोणऐंशी.

तू म्हणशील, बार्शीत बाराशेचाळीस कोण देणार? मग मजुरी कापू नकोस, कुर्ती बदल. अस्तर काढलंस तर शंभर वाचतात आणि अर्धा तासही, म्हणजे मजुरीचे चाळीस, दुकानाचे तीस. खर्च आठशेवीस, किंमत एक हजार पंचवीस. फक्त कापड जरा घट्ट विणीचं घे; हात आत घालून उजेडात धर, बोटं दिसली तर अस्तराशिवाय भागणार नाही. आणि इथल्या गणवेशाच्या कारखान्यांचे भाव मला सांगू नकोस. तिथे थरावर थर लावून एका दमात शेकडो नग कापतात, कॉलर लावणारा दिवसभर कॉलरच लावतो. तू एका बाईच्या मापाची एक कुर्ती शिवतेस.

पायपिंगच्या ब्लाउजचा हिशोब पाठवशील तेव्हा आधी घड्याळ लावून तास मोज, त्यात उसवून परत शिवण्याचा वेळही धर. आईंना नमस्कार सांग, आणि गड्ड्याच्या जत्रेला ये, खोली रिकामीच आहे.

तुझी,
मेघा