दातांच्या दवाखान्याचा फोन घरून सांभाळताना

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार. दातांच्या डॉक्टरांकडचे फोन घरून घेण्याचं काम तू धरलंस, हे वाचून खूप बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घे, कोणत्या कामाला किती वेळ लागतो. नुसती तपासणी साधारण १५ मिनिटं, दात साफ करायला अर्धा तास, रूट कॅनॉलची एक बैठक ४५ मिनिटं ते तास. सरसकट पंधरा-पंधरा मिनिटं वाटलीस, तर सहाचं रूट कॅनॉल सुरू असताना सव्वासहाचा पेशंट सातपर्यंत ताटकळतो आणि त्याच्यामागची सगळी रांग घसरते. म्हणून नाव लिहिण्याआधी ‘कशासाठी यायचंय?’ हे विचारच. संध्याकाळी एक पंधरा मिनिटांची जागा मुद्दाम रिकामी ठेव. ठणका लागलेला माणूस वेळ घेऊन येत नाही.

दवाखान्याचा फोन तुझ्याकडे वळवून घेशील, तेव्हा त्यासाठी वेगळं सिम माग. तुझ्या नंबरवरून एकदा उलट फोन केलास की तो पेशंटच्या मोबाइलमध्ये राहतो, आणि मग रात्री अकरालाही वाजतो.

सगळ्यात जास्त घोटाळे वेळ सांगण्यात होतात. ‘पावणेसहा’ म्हटलं की इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हमखास सहा पंचेचाळीस वाटतं. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘पुढच्या सोमवारी’ म्हणजे येता की त्यानंतरचा, यावर तर घराघरांत एकमत नाही. म्हणून वार, तारीख आणि आकडे तिन्ही बोल: ‘सोमवार, १२ तारीख, संध्याकाळी पाच पंचेचाळीस.’ मग त्यांच्याकडून परत वदवून घे आणि फोन ठेवण्याआधीच सामायिक कॅलेंडरमध्ये टाक. ‘नंतर लिहू’ म्हटलं की त्याच वेळेला डॉक्टर तिकडे दुसऱ्या कुणाला तरी बसवतात.

समज, बाई म्हणाल्या, ‘यांची दाढ काढायचीय, कालपासून गाल सुजलाय.’ नाव, वय, नंबर लिही. ताप आहे का, तोंड उघडतंय का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे विचार आणि लगेच डॉक्टरांना कळव. ती गोळी बंद करा किंवा अमुक घ्या, असं तू चुकूनही सांगू नकोस. ते फक्त डॉक्टरांनी सांगायचं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय म्हणाल्या, तर वेळ देत बसू नकोस. ‘ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असं सांग आणि डॉक्टरांना फोन लाव.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना आठवणीचा मेसेज टाक, आणि त्यात ‘येणार असाल तर हो लिहा’ एवढंच माग. ज्यांचं उत्तर नाही, त्यांना सकाळी दहाच्या सुमारास फोन कर. कुणी नाही म्हणालं, तर लवकर वेळ हवी असलेल्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर तयार असू दे. संध्याकाळची जागा दुपारपर्यंत भरते.

डॉक्टरांनी वेळा ठरवून दिल्या की मला पाठव, आठवड्याचा तक्ता मिळून आखू.

तुझी,
माधुरी