‘उत्तीर्ण दिनांक’ या रकान्याबद्दल मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या गल्लीत मी भरतीचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. एका मुलाचं सांगतो.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी त्याचा कॉस्टिंगचा एक पेपर राहिला. ऑक्टोबरमध्ये त्याने तो पुन्हा दिला. डिसेंबरमध्ये एका भरतीची जाहिरात आली, अंतिम दिनांक 31 डिसेंबर. निकाल लागला 10 जानेवारीला, पण अंतिम दिनांक वाढून 15 जानेवारी होईल, असं सगळे म्हणत होते. म्हणून त्याने 30 डिसेंबरलाच अर्ज भरून टाकला. अर्जात ‘उत्तीर्ण महिना व वर्ष’ एवढाच रकाना होता. परीक्षा ऑक्टोबरची, म्हणून त्याने ऑक्टोबर निवडला. मुदत काही वाढली नाही. लेखी परीक्षेत तो पास झाला आणि कागदपत्र पडताळणीत बाद झाला. गुणपत्रिकेवर वर ठळक ‘ऑक्टोबर’ छापलंय, खाली बारीक अक्षरात 10 जानेवारी. तिथल्या साहेबांनी बोट ठेवलं ते खालच्या तारखेवर.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. जाहिरातीत दुसरी तारीख दिली नसेल तर पात्रता अर्जाच्या अंतिम दिनांकालाच बघायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये अशोक कुमार शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण मग अर्जात परीक्षेचा महिना विचारता कशाला? ‘निकाल जाहीर झाल्याचा दिनांक’ विचारा. तो रकाना भरता येत नाही हे त्या मुलाला 30 डिसेंबरलाच कळलं असतं. त्याची फी वाचली असती आणि वर्षभर तो त्या आशेवर बसला नसता.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवी हातात हवी. ही सवलत सगळ्या भरतींना नसते, आणि मुलं मात्र ती सगळीकडे आहे असं धरून चालतात. काही अर्जांत ‘निकाल प्रतीक्षेत’ निवडलं तरी टक्केवारीचा रकाना सक्तीचाच राहतो. मग कुणी शून्य टाकतं, कुणी पाचव्या सेमिस्टरपर्यंतची सरासरी. पुढे खरी टक्केवारी वेगळी निघाली की चुकीची माहिती दिल्याचा ठपका मुलावर येतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी अशा वेळी पान जतन करून आधी हेल्पलाइनला लेखी विचारायला सांगतो आणि ते उत्तर जपून ठेवायला लावतो.

तेव्हा विनंती अशी, की ‘प्रतीक्षेत’ निवडताच टक्केवारीचा रकाना बंद व्हावा, आणि जिथे पदवी आधीच हवी तिथे अर्ज तिथेच थांबावा, फी घेण्याआधी. जिथे सवलत आहे तिथे निकालानंतर माहिती भरायला ठरावीक दिवस मिळावेत. आणि विद्यापीठांना सांगून निकालाचा दिनांक गुणपत्रिकेवर परीक्षेच्या महिन्याइतकाच ठळक छापून घ्यावा.

आपला,
एक अर्ज भरून देणारा, पुणे 30